पैसे कापले, प्लॅन चालू नाही: त्या फॉरवर्डमधलं काय खरं, काय खोटं

"अकाउंटमधून पैसे कट झाले पण रिचार्ज किंवा प्लॅन चालू झाला नाही? घाबरू नका! कंपनीच्या सपोर्टला मेल करा, त्यात पूर्ण कार्ड नंबर, मागचा तीन अंकी नंबर आणि ओटीपी लिहा म्हणजे लगेच व्हेरिफाय होतं. रिझर्व्ह बँकेला सीसी ठेवा. दिवसातून दहा मेल टाका. २४ तासांत मेल नाही केला तर पैसे बुडाले समजा. पहिल्या दिवसापासून रोज १०० रुपये दंड मिळतो, सगळ्यांना पाठवा."

हे काल आत्याने मला पाठवलं, वर "बघ बरं खरंय का" आणि खाली तिने मेलचा ड्राफ्टसुद्धा लिहून ठेवला होता, कार्डाच्या सोळा आकड्यांसकट. नशीब माझं की सेंड दाबायच्या आधी विचारलं.

तर आधी तेच. कार्ड नंबर, एक्सपायरी आणि सीव्हीव्ही एवढं हातात आलं की कोणीही ते वापरून बघू शकतो, आणि ओटीपी तर नवीन पैसे काढायला लागतो, झालेला व्यवहार शोधायला त्याचा काडीचा उपयोग नाही. सपोर्टवाल्याला तुमचा पैसा सापडतो तो यूटीआर नंबरवरून, यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर टॅप केलं की खाली बारा आकडी दिसतो तो. कार्डाने भरले असतील तर तारीख, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे पुरतात. पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही किंवा ओटीपी मागणारा माणूस सपोर्टचा नाही, मग तो कितीही गोड बोलू दे.

रिझर्व्ह बँकेला सीसी ठेवून काही होत नाही. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला तिचा लोकपाल असतो, त्याच्याकडे तक्रार थेट त्याच्याच नावाने करावी लागते, कॉपी ठेवलेला मेल तक्रार म्हणून धरत नाहीत. आणि तीही आधी बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर, cms.rbi.org.in वर. शिवाय तिथे बँकांविरुद्ध वगैरे दाद लागते, सिनेमे दाखवणाऱ्या अ‍ॅपविरुद्ध नाही. दहा मेलचं तर बोलायलाच नको, बहुतेक ठिकाणी प्रत्येक नवीन मेलचं नवीन तिकीट, म्हणजे वेगळी तक्रार बनते आणि तुमचीच केस दहा माणसांत वाटली जाते. पहिल्याच मेलला रिप्लाय करत राहायचं.

२४ तासांत पैसे बुडतात हे साफ खोटं. रोज १०० रुपयांचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. त्यात लिहिलंय की दुकानदाराला किंवा साइटला यूपीआयने पैसे भरले, खात्यातून गेले पण त्यांच्याकडे कन्फर्मेशन पोचलं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढे दर दिवशी १०० रुपये, तेही ग्राहकाने न मागता. पहिल्या दिवसापासून नाही! आणि हे दिवस कॅलेंडरचे, म्हणजे रविवार-सुट्ट्या धरून.

पण यात एक गोची आहे जी फॉरवर्डवाल्याला माहीतच नाही. हे सगळं व्यवहार मध्येच अडकला तर. कंपनीला पैसे नीट पोचलेत आणि तरी प्लॅन चालू नाही, तर बँक म्हणणार आमचं काम झालं, आणि ते बरोबरच आहे. मग प्लॅन चालू करणं किंवा रिफंड देणं कंपनीकडेच. म्हणून मेल करायच्या आधी दोन स्क्रीन बघा: यूपीआय अ‍ॅपमध्ये काय लिहिलंय आणि कंपनीच्या ऑर्डर पानावर काय. आणि हो, प्लॅन दुसऱ्याच लॉगिनवर चालू झालेला नाही ना तेही बघा, मोबाइल नंबरचं एक खातं आणि ईमेलचं वेगळं असं घरोघरी असतं.

आत्याचं असं होतं. ४ तारखेला रात्री मालिकांच्या अ‍ॅपच्या प्लॅनचे ९९९ भरले, बँकेतून गेले, ऑर्डर पानावर "फेल". म्हणजे मधेच अडकलेले. तिचा ड्राफ्ट पुसून मी हे लिहून दिलं, विषयातच "९९९ रुपये कापले, ऑर्डर फेल":

"४ तारखेला रात्री ९:४० ला यूपीआयने ९९९ रुपये भरले. यूटीआर नंबर अमुक, ऑर्डर नंबर तमुक, नोंदणीचा मोबाइल हा. खात्यातून पैसे गेलेत, तुमच्याकडे ऑर्डर फेल दिसते. दोन्हीचे स्क्रीनशॉट जोडलेत. पैसे तुमच्याकडे पोचले असतील तर प्लॅन चालू करा, नसतील तर तसं लेखी कळवा."

ते शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण "आमच्याकडे आले नाहीत" असं लेखी उत्तर आलं की तेच बँकेच्या तक्रारीला जोडता येतं. यूपीआय अ‍ॅपमध्येही त्याच व्यवहारावर तक्रार टाकून ठेवली. आज ८ तारीख आहे, पैसे ९ पर्यंत यायला हवेत. आत्याला म्हटलं, तोवर परत भरू नकोस. तर म्हणते, "अरे पण मी कालच परत भरले ना, मालिका चुकत होती."

आता दुसरा यूटीआर शोधतोय.