प्लेटलेटच्या पिशवीला बर्फ लावू नका

«रक्ताची पिशवी फ्रिजमध्ये आणि प्लेटलेटची मात्र बाहेर, खोलीत? हा रक्तपेढीचा हलगर्जीपणा आहे. उष्णतेने प्लेटलेट मरतात, शिवाय त्यात जंतू वाढतात. पिशवी हातात आली की लगेच बर्फात ठेवा. सगळ्यांना पाठवा.»

आधी ‘बाहेर’चं बघू. प्लेटलेट २० ते २४ अंशांना लागतात आणि आपल्याकडे मे महिन्यात खोली तेवढी थंड नसते. म्हणून त्या खास इनक्युबेटरमध्ये, सतत हलकेच हलणाऱ्या ट्रेवर ठेवतात. हलवतात कारण या पेशी जिवंत असतात. पिशवीच्या प्लॅस्टिकमधून त्यांना ऑक्सिजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. पिशवी फार काळ निपचित पडून राहिली तर आत आम्ल साचून त्या निकामी होतात.

रक्त २ ते ६ अंशांना ठेवतात ते तांबड्या पेशींसाठी. थंडीत त्यांना साखर कमी लागते, त्यामुळे सीपीडीए हे रक्त साकळू न देणारं द्रावण असलेल्या नेहमीच्या पिशवीत त्या ३५ दिवस टिकतात. तेही गोठवून चालत नाही. गोठल्या की पेशी फुटतात.

प्लेटलेटचं गणित वेगळं आहे. पूर्वी त्याही थंडच ठेवत. १९६९ मध्ये मर्फी आणि गार्डनर यांनी अमेरिकेत दाखवून दिलं, की थंड ठेवलेल्या प्लेटलेट रुग्णाच्या रक्तातून फार लवकर नाहीशा होतात. चपट्या चकतीसारखी पेशी गारठली की गोल होते, तिला काटे फुटतात आणि पृष्ठभागावरची प्रथिनं एकत्र गोळा होतात. यकृत अशा पेशी ओळखून काढून टाकतं. पिशवी पुन्हा कोमट केली तरी नुकसान भरून येत नाही. डेंग्यूच्या रुग्णासाठी बर्फात घालून आणलेली पिशवी चढते, पण पेशी रक्तात टिकत नाहीत. आकडा वाढला नाही की घरचे पुन्हा पिशव्यांसाठी धावतात.

हे डोळ्यांनी ताडता येतं. पिवळसर पिशवी उजेडासमोर धरून हळूच हलवली, तर चांगल्या प्लेटलेटमध्ये रेशमासारखी चमकती झाक फिरताना दिसते. गोल झालेल्या पेशींत ती दिसत नाही, द्रव नुसता गढूळ दिसतो.

जंतूंची भीती मात्र खरी आहे. २२ अंशांना ते वाढू शकतात आणि प्लेटलेटची मुदत साधारण ५ दिवसांची ठेवण्यामागे तेच मोठं कारण आहे. चालू रक्तस्राव थांबवायला थंड प्लेटलेट काही ठिकाणी मुद्दाम वापरतात, हेही खरं. तिथे पेशी लगेच कामी येणं महत्त्वाचं असतं, दिवसचे दिवस टिकणं नाही. पण तो निर्णय डॉक्टरांचा, पिशवी आणणाऱ्याचा नाही.

रक्त आणि प्लेटलेट दोन्ही आणायच्या असतील तर रक्तपेढीकडून दोन वेगळे डबे मागा, प्लेटलेटचा बिनबर्फाचा. वाटेत तासभर हलवलं नाही तरी चालतं. उन्हात गाडीत ठेवू नका, वॉर्डातल्या फ्रिजमध्येही नको. थेट नर्सच्या हातात द्या.