जुन्या साहेबांचं श्राद्ध मुलाखतीत कसं घालावं

"आधीची नोकरी का सोडलीत?" असं समोरच्या मॅडम विचारतात, तेव्हा त्यांना उत्तर हवं असतं अशा भ्रमात राहू नका. त्यांना तुमचं दुःख ऐकायचं असतं. तीन महिने घरी बसल्यावर बायकोने ऐकणं बंद केलेलं असतं, आई "जाऊ दे रे" म्हणून देवघरात निघून जाते, मित्रांचे फोन लागत नाहीत. आणि इकडे ऐरोलीच्या एका गार केबिनमध्ये दोन अनोळखी माणसं पाण्याचा ग्लास पुढे सरकवून आपणहून विचारतायत. अशी संधी दवडू नये. मी दवडली नाही.

माझं प्रकरण थोडक्यात असं. रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी आणि माझा एक सहकारी डिस्पॅच बघायचो. जूनमध्ये नवीन साहेब आले. आम्ही संध्याकाळी सहाला दुसऱ्या दिवसाच्या गाड्या ठरवायचो, साहेब रात्री दहाला फोन करून क्रम बदलायचे. दोन महिन्यांत दोन कन्साइनमेंट चुकल्या. एक साहेबांच्या बदलामुळे आणि एक, म्हणजे, आमच्यामुळे. त्याचं पुढे सांगतो. मग आम्हा दोघांना पीआयपी लागला. साठ दिवसांत सुधारून दाखवा, दर सोमवारी आढावा. पंचेचाळिसाव्या दिवशी एचआरने बोलावलं आणि राजीनामा द्यायला सांगितलं. दिला. महिन्याचा पगार, रिलीव्हिंग लेटर, शुभेच्छा.

आता हे सगळं मुलाखतीत कसं सांगायचं? माझी पद्धत अशी, की सुरुवात साहेबांच्या स्वभावापासून करावी. लहरी, कानाचे हलके, डिस्पॅचमधलं ओ का ठो कळत नाही. विशेषणं भरपूर वापरावीत, कारण घटना सांगितल्या तर समोरचा त्यावर प्रश्न विचारू शकतो, विशेषणावर काय विचारणार? मग त्यांचा साडू पर्चेसमध्ये कसा लागला ते सांगावं. मग एचआर त्यांना कशी सामील होती. मधे श्वास घेताना "मला कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, पण" हे वाक्य टाकावं. याने आधी बोललेलं सगळं चांगलं ठरतं. माझं उत्तर अकरा मिनिटं चाललं. ट्रान्स-हार्बर लोकलच्या भाषेत सांगायचं तर ठाण्याला सुरू झालं आणि दिघा गाव, ऐरोली मागे टाकून रबाळ्याला पोचलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. मला वाटलं, भारावल्या.

नंतर त्यांनी एकच विचारलं, "आणि यात तुमचं काय चुकलं?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, "मी जास्तच प्रामाणिक होतो."

त्या कंपनीचा फोन अजून यायचा आहे.

माझ्या सहकाऱ्याने मात्र आयत्या चालून आलेल्या अशाच संधीचं कसं वाटोळं केलं, ते तुम्ही मुद्दाम समजून घ्या, म्हणजे तुमच्या हातून तसं होणार नाही. तोच साहेब, तोच पीआयपी, तोच पंचेचाळिसावा दिवस. या माणसाने ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीतल्या चहाच्या टपरीवर, मला समोर बसवून उत्तराचा सराव केला. मोबाईलवर वेळ लावून! पहिल्या खेपेला चार मिनिटं झाली. मग तो कापत बसला. "साहेब लहरी होते" हे काढून त्याने "प्लॅन रात्री बदलायचा" असं केलं. मी विचारलं, धार का घालवतोस? तर म्हणे, लहरी हा माझा निकाल आहे, प्लॅन बदलायचा ही घडलेली गोष्ट आहे. निकाल त्यांचा त्यांना लावू दे. साडूचा तर त्याने उल्लेखही ठेवला नाही. इतका रसाळ साडू वाया घालवला.

शेवटी त्याचं उत्तर उरलं ते हे. जसंच्या तसं देतो, कारण मला पाठ झालंय:

"जूनमध्ये आमच्याकडे नवीन प्रमुख आले आणि कामाची पद्धत बदलली. मी आदल्या संध्याकाळी गाड्या लावून मोकळा व्हायचो, त्यांना रात्रीपर्यंत बदलाला वाव हवा असायचा. या ओढाताणीत दोन कन्साइनमेंट चुकल्या. त्यातली एक माझी चूक होती: फोनवर सांगितलेला बदल मी लिहून घेतला नाही, ट्रान्सपोर्टरला कळवला नाही. मला पीआयपीवर ठेवलं आणि दीड महिन्याने राजीनामा द्यायला सांगितलं, मी दिला. आता तोंडी बदल आला की मी त्याच मिनिटाला सांगणाऱ्याला आणि ट्रान्सपोर्टरला एक ओळ पाठवतो. या कामात गाड्यांचं नियोजन माझ्याकडेच असेल असं वाचलं, म्हणून अर्ज केला."

बस. पाऊण मिनिटाच्या आत संपतं. आणि हो, संपल्यावर तो गप्प बसायचा, हे सगळ्यांत भयंकर. मी टपरीवर मुद्दाम दहा सेकंद काहीच बोललो नाही, तरी याने भर घातली नाही. माझ्यासारखा माणूस त्या दहा सेकंदांत साडूपर्यंत पोचला असता.

मी त्याला समजावलं, अरे, यात साहेबांना शिक्षा कुठे झाली? तो म्हणाला, दाराआड साहेब उभे आहेत असं समज. तुझी अकरा मिनिटं ऐकून ते आत येऊन भांडतील. माझं ऐकून ते फार तर म्हणतील, "हो, झालं असंच, पण प्लॅन बदलण्याला माझी कारणं होती." म्हणजे याने असं उत्तर बनवलं होतं, ज्यावर साहेब स्वतः सही करतील! एवढा अपमान मी माझा कधी करून घेतला नसता.

ती एक चूक मात्र कबूल करायची नव्हती, असं माझं अजूनही मत आहे. त्याचं गणित निराळं. आपली चूक शून्य असलेली गोष्ट कुणालाच खरी वाटत नाही, आणि सगळीच चूक आपली म्हटलं तर पुढचा माणूस नोकरी कशाला देईल? म्हणून जी खरोखर झाली, जी मोजता येते आणि जिच्यानंतर आपण काहीतरी वेगळं करू लागलो, तेवढी एकच सांगायची. "माझा प्रामाणिकपणा नडला" ही चूक धरत नाहीत म्हणे. त्याने हे सांगितलं तेव्हा माझ्याकडे का बघितलं, कळलं नाही.

त्याच्या मुलाखतीत त्यालाही जोडप्रश्न आला: तुमचे साहेब तुमच्याबद्दल काय सांगतील? इथे तुम्ही माझं ऐका आणि "ते काय सांगणार, त्यांना माझं काम बघायची सवड कुठे होती" असं म्हणा. एका वाक्यात जुना साहेब आणि नवी नोकरी, दोन्ही जातात. त्याने म्हणे सांगितलं, "ते म्हणतील बदल कळवण्यात मी कमी पडलो. स्टॉक मात्र माझ्याकडून कधी चुकला नाही, हेही बहुधा म्हणतील." आणि वर, त्यांच्याशी माझे संबंध शेवटी ताणलेले होते, तरी फोन करायचा तर जरूर करा, सोबत त्यांच्या आधीच्या प्रमुखांचा आणि गोदामाच्या इन्चार्जचा नंबर देतो. म्हणजे दुसरी बाजू ऐकायची सोयही यानेच करून दिली. कोणत्या ग्राहकाच्या कन्साइनमेंट चुकल्या ते विचारलं, तर नाव सांगितलं नाही. म्हणाला, तुमच्याकडून गेलो तर तुमच्या ग्राहकांचंही सांगणार नाही. ओढूनताणून सद्गुण, दुसरं काय.

काही लोक माझीही पद्धत वापरत नाहीत आणि त्याचीही नाही. ते सरळ "वैयक्तिक कारण" किंवा "बेटर प्रॉस्पेक्ट्स" सांगतात. सभ्य मार्ग आहे, तुम्ही अवश्य धरा. फक्त नंतर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची एजन्सी तुमच्या जुन्या एचआरला ईमेल करते. बऱ्याच कंपन्या फक्त हुद्दा आणि तारखा कळवतात, तेव्हा तुम्ही सुटता. पण काही ठिकाणी सोडण्याचं कारण आणि "पुन्हा घ्याल का" हा रकानाही असतो, आणि तो कोण भरेल हे तुमच्या हातात नसतं. तारखांची तर आणखी मजा. एका ओळखीच्या माणसाने रिकामे तीन महिने झाकायला बायोडेटात सप्टेंबरच्या जागी डिसेंबर घातला. पीएफच्या खात्यात मात्र नोकरी सोडल्याची तारीख सप्टेंबरचीच होती. ऑफर हातात आली आणि गेली. गंमत म्हणजे त्याला काढलं होतं हे त्याने मुलाखतीत खरं सांगितलं असतं तर चाललं असतं. तारीख चालली नाही.

कागदाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या रिलीव्हिंग लेटरवर "राजीनामा" असंच लिहिलंय. म्हणजे "मी राजीनामा दिला" एवढंच सांगितलं तरी ते खोटं नाही. सहकारी म्हणतो, बऱ्याच जागी तेवढं पुरतं. पण कुणी थेट विचारलं, किंवा अर्जात "तुम्हाला कधी राजीनामा द्यायला सांगण्यात आलं आहे का" असा रकाना आला, तर तिथे "नाही" लिहिलं की ते खोटं झालं, आणि रुजू झाल्यावर सापडलं तर त्यावरून काढता येतं. त्याने आधीच सांगून टाकलं, कारण ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुणी ना कुणी कुणाच्या तरी हाताखाली काम केलेलं असतंच. मला हे पटत नाही. मी त्या रकान्यात "कृपया सोबतचं पान पाहा" लिहून चार पानं जोडली होती.

त्याला महाप्यात नोकरी लागली, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. मला वाईट वाटत नाही. जुन्या साहेबांचं नाव त्याने अजून कुणासमोर घेतलेलं नाही, म्हणजे बिचाऱ्याचं मन किती तुंबलं असेल.

परवा त्याचाच फोन आला. त्यांच्याकडे डिस्पॅचला एक जागा निघालीय, गुरुवारी ये म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "का सोडलीस विचारलं तर काय सांगणार आहेस?"

मी विचारलं, "किती वेळ देतील?"

"ठाण्याहून निघालास," तो म्हणाला, "की दिघा गावाच्या आधी उतर."