डबा परत करायला लागणार नाही, असं काहीतरी

नव्या शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी छोटीशी भेट द्यावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली एक प्रतिक्रिया: "लेख गोड आहे, पण नवीन माणसाला पहिल्याच दिवशी उपकाराखाली कशाला आणायचं? आम्ही भाड्याने राहायला आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी शिऱ्याचा डबा दिला. रिकामा कसा परत द्यायचा म्हणून मी दमलेली असताना काहीतरी करून घेऊन गेले, तर तासभर चौकशी! घर स्वतःचं का, भाडं किती, मूळ गाव कुठलं. त्यापेक्षा भेटच नको. माणसांना शांतपणे सामान लावू द्या."

ताई, तासभराच्या चौकशीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण "भेटच नको" हे मला पटत नाही. तुम्हाला त्रास शिऱ्याचा झाला नाही, स्टीलच्या डब्याचा झाला. आपल्याकडे डबा रिकामा परत जात नाही. म्हणजे ज्या बाईची कढई अजून खोक्यात आहे, तिला आपण गोड खायला देऊन स्वयंपाकाचं काम लावतो. वर डबा पोचवायला आपल्याच दारात यायला भाग पाडतो, आणि दारात आलेल्या माणसाला "आत या" म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. मग पुढची चौकशी ओघाने आलीच.

म्हणून माझी पहिली अट एवढीच, की भेटीतली कुठलीही वस्तू परत करण्यासारखी नको. ही अट वाटते तितकी सोपी नाही. चहा करून द्यावा तर थर्मास परत येणार. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार मागवून द्यावा तर रिकामा जार कुणी आणि कधी न्यायचा हा प्रश्न त्यांच्या गळ्यात. कुंडीतलं रोप परत करायचं नसतं खरं, पण ते रोज पाणी मागतं, आणि चार महिन्यांनी वाळलं की समोरासमोर आल्यावर त्यांनाच ओशाळल्यासारखं होतं. महागाची मिठाई दिली की दिवाळीला तेवढ्याच तोलामोलाचं काहीतरी द्यावं लागतं. भेट दुसऱ्या दिवसापर्यंत वापरून संपली पाहिजे आणि तिची पिशवी कचऱ्यात गेली पाहिजे.

आमच्या मजल्यावर मी काय देते ते सांगते. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी, चहापुडीचं छोटं पाकीट, पाव किलो साखर, गवती चहाची चार पाती, एक बिस्किटाचा पुडा आणि दोन सीलबंद पाण्याच्या बाटल्या. सगळं कागदी पिशवीत. दोनशेच्या आत होतं, त्यामुळे कुणाला परतफेड करावीशी वाटत नाही.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. सामान हलवताना चहा-साखरेचे डबे कुठल्या खोक्यात गेले हे संध्याकाळपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. दूध अर्धाच लिटर, कारण टेम्पोत फ्रिज आडवा ठेवून आणला असेल तर तो उभा करून काही तास तसाच ठेवावा लागतो, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसेपर्यंत लगेच चालू करत नाहीत. जास्त दूध दिलं तर ते रात्री नासणार. पाण्याच्या बाटल्या अशासाठी, की भिंतीवरचा फिल्टर काढून आणलेला असतो आणि तो बसवायला माणूस बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगवतो. आलं टाकायचा मोह होतो, पण जैन घरात जमिनीखालचं चालत नाही. गवती चहा सगळ्यांना चालतो. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका बघून घ्यायचा. घरी केलेला पदार्थ मी देत नाही. तुमचा शिरा उत्तमच झाला असेल, पण कुणाला साखर वर्ज्य, कुणाचा उपास, कुणाला काजूची अॅलर्जी, आणि अनोळखी घरचं लहान मुलांना द्यावं का हा विचार तर कुठलीही आई करणारच. तो प्रश्न आपण त्यांच्यासमोर ठेवायचाच नाही. नारळ आणि हळदीकुंकूही नको. आत कोण आहे, कुठल्या धर्माचं आहे, की नोकरी करणारी तीन मुलं एकत्र राहायला आली आहेत, हे आपल्याला कुठे माहीत असतं?

मात्र आधी एक गोष्ट बघायची: टेम्पोतून सिलिंडर उतरला का? लाल सिलिंडर खालूनही दिसतो. नसेल, तर गॅसचं कनेक्शन अजून इकडे आलेलं नाही किंवा पाइपच्या गॅसचं काम बाकी आहे. अशा घरात दूध आणि चहापूड म्हणजे चिडवल्यासारखं. तेव्हा पिशवीत केळी, बिस्किटं आणि पाणी. मागच्या पावसाळ्यात शेजारी जे कुटुंब आलं त्यांचं असंच होतं. सिलिंडर दिसला नाही म्हणून मी सहा केळी आणि पाणीच दिलं. टेम्पोवाल्या पोरांनीच त्यातली चार संपवली असं नंतर कळलं. चांगलंच झालं की!

पिशवीत एक चिठ्ठीही असते, आणि खरं सांगायचं तर तिचा उपयोग दुधापेक्षा जास्त होतो. नळाला पाणी किती वाजता येतं, ओला-सुका कचरा कुठे आणि किती वाजेपर्यंत ठेवायचा, ड्रिलिंग दुपारी दोन ते चार बंद, खाली मीटरच्या खोलीत त्यांचा मीटर कुठला, रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं औषधाचं दुकान कुठे. शेवटी माझा फ्लॅट नंबर आणि आडनाव. मोबाइल नंबर लिहीत नाही. नंबर दिला की आभाराचा मेसेज करावा लागतो, मग फोटो दिसतात, मग सकाळची फुलं सुरू होतात. मोलकरणीचा आणि दूधवाल्याचा नंबरही त्यांना विचारल्याशिवाय मी कुणाला देत नाही. आणि सोसायटीच्या ग्रुपवर "नवीन मंडळी आली" असं मी तरी टाकत नाही.

तुम्ही म्हणता तशी शांतता हवी तर ही चिठ्ठीच ती देते. नाहीतर पहिली ओळख दुपारी तीन वाजता भिंतीत ड्रिल घातल्यावर होते, आणि ती भांडणाची असते.

आता चौकशीचं. हमाल वर-खाली करत असताना जायचंच नाही. टेम्पो गेल्यावर, सात-साडेसातच्या सुमाराला बेल एकदाच वाजवायची. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आत डोकावायचं नाही. "मी शेजारची, हे आजच्यापुरतं, आत पाण्याच्या वेळा लिहिल्यात," एवढं बोलून वळायचं. ते "या ना आत" म्हणतीलच, आपल्याकडे म्हणावंच लागतं. "आज नको, तुमचं आवरू दे," म्हणायचं आणि खरंच निघायचं. विचारायचं काहीच नाही. "कुठून आलात" हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे आडनाव येतं, आडनावामागे बाकीचं सगळं.

दार उघडलं नाही तर पिशवी कडीला लटकवून येऊ नका. दाराला लावलेलं निनावी खाणं हल्ली कुणी खात नाही, आणि खाऊही नये. दुसऱ्या दिवशी नुसती चिठ्ठी दाराखालून सरकवा. दूध आपल्या घरी वापरा.

आणि पिशवी घेतली, पण पुढे आठवडाभर लिफ्टमध्ये नुसती मान हलवली, तरी "चहा केला का हो?" असं विचारायचं नाही.