घोडं, घोंगडं आणि आमची सकाळची मीटिंग

मागच्या महिन्यात आमच्या प्लॅनिंगमधल्या एका पोराने मला त्याच्या डायरीचं मागचं पान दाखवलं, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी असं मोजलेलं, एकूण अकरा. मी विचारलं हे काय, रिजेक्शन का? तर म्हणे "नाही सर, आजच्या मीटिंगमध्ये तुम्ही 'घोडं कुठं अडलंय' अकरा वेळा म्हणालात." मीटिंग वीस मिनिटांची. हसलो, पण घरी जाताना पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला डोक्यात तेच. आपण बोलत होतो की नुसतं वाजत होतो?

मी नाशिकला अंबडमध्ये एका मशीन शॉपमध्ये आहे, प्रॉडक्शन आणि डिस्पॅच दोन्ही बघतो. दिवसभर बोलणंच काम. आणि बोलण्यात वाक्प्रचार येणारच, आपल्या मराठीत तर ते घासागणिक कांदा तोंडी लावावा तसे येतात. माझं म्हणणं एवढंच की ऑफिसात चारपाचच ठेवावेत आणि तेही निवडून. आणि निवडताना अर्थ बघून भागत नाही, तो शब्द कोणाकडे बोट दाखवतो ते बघायचं. हे मला अंगावर आल्यावरच कळलं.

झालं असं, एका लॉटमध्ये साठ नगांपैकी आठ नगांचा बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज निघाला. सगळे उभे, क्वालिटीवाले, शिफ्ट सुपरवायझर, मी. मी सहज बोलून गेलो, "कुठंतरी पाणी मुरतंय." माझ्या मनात होतं की कारण अजून सापडलेलं नाही, शोधू या. पण मराठीत पाणी मुरतंय म्हणजे नुसतं कारण सापडत नाही असं नसतं ना, कोणीतरी काहीतरी लपवतंय असा वास येतो त्याला. सुपरवायझर भाऊ एकदम गप्प झाले. दुपारी जेवताना दुसऱ्या टेबलावर. संध्याकाळी कळलं की टूलचा कापणारा इन्सर्ट बदलला होता आणि त्याच्या मापाचा ऑफसेट मशीनमध्ये टाकायचा राहिला होता, पहिला नग चेक न करता पुढचे काढले गेले, आणि हे त्यांनीच शोधून आणलं. लपवायला काही नव्हतंच. पण माझं वाक्य सगळ्यांसमोर गेलेलं, मग सॉरी म्हणायलाही सगळ्यांसमोरच जावं लागलं.

तेव्हा "घोडं कुठं अडलंय" म्हणालो असतो तर? त्यात कोणी चोर नाही, कोणी आळशी नाही, फक्त जागा विचारली. म्हणून तो ठेवला. "पाणी मुरतंय" काढून टाकला, तो हिशोबातला घोळ वगैरे असेल तिथं ठीक, शॉप फ्लोअरवर नको. "हात वर केले" पण काढला, कारण त्यात माणूस सरळ आरोपी होतो. "उंटावरून शेळ्या हाकणं" तर कितीही खरं असलं तरी ते चहाच्या टपरीवरच, साहेबांच्या केबिनपासून लांब 😄

दुसरा ठेवलेला, "भिजत घोंगडं". लांबत पडलेल्या विषयाला याच्याइतका चपखल शब्द दुसरा नाही, आणि पडून राहिलं एवढंच तो सांगतो, कोणी पाडून ठेवलं ते नाही. पण यातही मेख आहे. आमच्याकडे एका गेजचं कॅलिब्रेशन पेंडिंग होतं, दर सोमवारी कोणीतरी म्हणायचं "ते गेजचं भिजत घोंगडं आहेच" आणि सगळे माना हलवून पुढच्या मुद्द्यावर. चार सोमवार! शब्द इतका बरोबर बसला की विषय झाल्यासारखंच वाटायला लागलं. आता मी स्वतःला एक सवय लावलीये, वाक्प्रचार म्हटला की त्याच्या मागे लगेच साधं वाक्य लावायचं, काय, कोण, कधी. "गेजचं भिजत घोंगडं आहे, आज पाचच्या आत लॅबला पाठवायचं, स्टोअरवाले पाठवतील." मनातल्या मनात पहिला तुकडा पुसून बघा, उरलेल्यावर काम चालतं की नाही. चालत असेल तर वाक्प्रचार खुशाल ठेवा. पुसल्यावर काहीच उरत नसेल तर आपण फक्त टाळी घ्यायला बोललो.

तिसरा आपला नाशिकचाच म्हणा, "गंगेत घोडं न्हालं". इथं गोदावरीला गंगाच म्हणतात, आजी अजून "गंगेवर जाऊन आले" म्हणते, त्यामुळे आम्हाला हा जरा जास्तच घरचा वाटतो. पण याचा मी वापरून वापरून चोथा केला होता. गाडी गेटबाहेर पडली, न्हालं. बिल सही झालं, न्हालं. प्रिंटर चालू झाला तरी न्हालं. मग पाच महिने रखडलेलं एका कस्टमरचं सॅम्पल अप्रुव्हल खरंच आलं, मी मोठ्याने म्हणालो "न्हालं एकदाचं गंगेत घोडं!" आणि कोणी मान वर करून पण बघितलं नाही. शिवाय त्या "एकदाचं"मध्ये उशीर झाल्याचा टोमणा लपलेला असतो. एका मुलीने रिपोर्ट एकच दिवस उशिरा दिला, मी ग्रुपवर हेच टाकलं, तिने खाली नुसता अंगठा दाखवला. समोरासमोर हसून म्हटलं असतं तर चाललं असतं, व्हॉट्सॅपवर हसू दिसत नाही. आता हा फक्त महिने लागलेल्या कामाला आणि तोही तोंडीच.

आमच्या लाइनवर निम्मी पोरं यूपी-बिहारची आहेत. त्यांना मी एकदा "घोडा कहाँ अटका है" म्हणालो होतो, पुढचे दोन दिवस ते मला बघून टापांचा आवाज काढायचे. मग शहाणपणाने हिंदीतलं "पेंच कहाँ फँसा है" वापरलं तर एक बिचारा खरंच फिक्श्चरचे स्क्रू बघायला वाकला. मशीन शॉपमध्ये पेंच म्हणजे पेंचच. तेव्हापासून त्यांच्याशी सरळ, "काम क्यूँ रुका है."

इंग्रजीचं पण तेच, किंबहुना जास्तच. आमच्या मार्केटिंगच्या एकाने बाहेरच्या कस्टमरला मेलमध्ये "द बॉल इज इन युवर कोर्ट" लिहिलं, समोरच्याला ते ढकलल्यासारखं लागलं. सांगायचं एवढंच होतं की सुधारित ड्रॉइंग तुमच्याकडून यायचंय, गुरुवारपर्यंत मिळालं तर बरं. आणि एक तर असा आहे की इंग्रजी बोलणाऱ्यांचंच त्यावर एकमत नाही, एखादा विषय "टेबल" करणं म्हणजे ब्रिटिशांकडे आत्ता चर्चेला घेणं आणि अमेरिकनांकडे बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा यावरून वाद झाला होता, चर्चिलने स्वतः लिहून ठेवलंय. तिथं आपण अंबडमधून कशाला नाक खुपसा.

तर सध्या हिशोब असा, एका मीटिंगला एक वाक्प्रचार, फार तर दोन. पोरगा अजून रेघा मारतो, परवा दोन होत्या. एकच अडचण राहिलीये, मटेरियल उशिरा आलं हे समोरच्याला न टोचता सांगणारा एखादा चांगला वाक्प्रचार हवाय, सुचला तर खाली लिहा. माझ्याकडे आहे तो "वरातीमागून घोडं", आणि आमच्या तबेल्यात आधीच दोन आहेत.