गीरचे सिंह, सांगोल्याचा बोकड आणि ‘शुद्ध रक्त’

“गीरमध्ये शंभर वर्षांपूर्वी जेमतेम बारा सिंह उरले होते, आज ८९१ आहेत. कळप लहान असला की निसर्ग कमजोर रक्त गाळून टाकतो आणि वंश शुद्ध होतो. जनुकीय विविधता हा शास्त्रज्ञांचा बागुलबुवा आहे. बाहेरचे रक्त मिसळू नका.”

हा संदेश मला सांगोल्याच्या मेहुण्याने पाठवला. तेवढ्यावर थांबला असता तर मी दुर्लक्ष केले असते. पण त्याच्याकडे २४ उस्मानाबादी शेळ्या आहेत आणि हे वाचून त्याने शेजारच्या गावातून ठरवलेला पैदाशीचा बोकड रद्द केला. “घरचाच वाढवतो,” असे तो म्हणाला.

गाळून टाकण्याची कल्पना सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तीच पाहू. प्रत्येक जनावराकडे जनुकाच्या दोन प्रती असतात आणि पिल्लाला त्यांतली एकच मिळते, तीही निव्वळ योगायोगाने. समजा, मेहुण्याच्या एकाच शेळीकडे एखाद्या रोगाला तोंड देणारी दुर्मीळ प्रत आहे आणि तिला आयुष्यात दोनच करडे झाली. दोघांनाही ती प्रत न मिळण्याची शक्यता चारात एक असते, आणि तसे झाले की त्या कळपातून ती कायमची गेली. तिच्यात काही खोट नव्हती. नाणे उलटे पडले, इतकेच. यालाच जेनेटिक ड्रिफ्ट किंवा जनुकीय विचलन म्हणतात. हजारोंच्या कळपात तीच प्रत इतर अनेकांकडे असते, त्यामुळे असे अपघात एकमेकांना भरून काढतात. लहान कळपात तशी सोय नसते.

शिवाय कळपाचा आकार डोकी मोजून ठरत नाही. शेळ्या २४ असल्या तरी बोकड एकच असेल, तर पुढच्या पिढीतली निम्मी जनुके त्या एकट्याकडून येतात. हिशोब केला तर हा कळप विचलनाच्या दृष्टीने जेमतेम चार जनावरांचा ठरतो आणि दर पिढीला सुमारे १३ टक्के विविधता गमावतो. दर वेळी घरचाच बोकड ठेवला तर पाच पिढ्यांत निम्मी विविधता संपते.

गाळून टाकण्याच्या दाव्यात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. दोन्ही प्रती सदोष असल्या की जीव घेणारा दोष लहान कळपात लवकर उघडा पडतो आणि काही प्रमाणात खरोखर गाळला जातो; मात्र त्याची किंमत मेलेल्या पिल्लांत मोजावी लागते. वीर्य थोडे कमी प्रतीचे किंवा वाढ थोडी मंद करणारे सौम्य दोष मात्र निवडीच्या चाळणीतून निसटतात, कारण तिथे योगायोगाचा जोर निवडीपेक्षा मोठा असतो, आणि असे दोष कळपभर पसरून कायमचे बसतात.

आता सिंह. बारा हा आकडाच वादग्रस्त आहे. शिकार थांबावी म्हणून तो मुद्दाम कमी सांगितला गेला असावा, असे काही अभ्यासक मानतात. पण तो सोडून देऊ. संख्या वाढली म्हणजे विविधता परत आली, असे होत नाही, आणि याचा उत्तम दाखला टांझानियातल्या गोरोंगोरो विवरात आहे. १९६२ साली चावऱ्या माश्यांच्या उद्रेकाने तिथले सिंह दहाच्या आसपास उरले. पुढे बाहेरून काही नर आले आणि दीड दशकाच्या आत संख्या पूर्ववत झाली. तरीही १९८७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या तुलनेत शेजारच्या सेरेंगेटीच्या मोठ्या समूहातील सिंहांचे सुमारे पाव शुक्राणू विकृत आढळले, विवरातल्यांचे निम्मे, आणि गीरच्या वंशातल्यांचे जवळपास दोन तृतीयांश. गीरच्या सिंहांच्या तपासलेल्या प्रथिनांत एकमेकांत फरकच सापडला नाही. ते सिंह प्राणिसंग्रहालयातले होते, हे लक्षात घेऊनही क्रम बोलका आहे: संख्या अचानक घटण्याचा हा बाटलीसारखा गळा जितका अरुंद आणि कळप बाहेरच्यांना बंद राहण्याचा काळ जितका लांब, तितके नुकसान जास्त. नव्या उत्परिवर्तनाने ही झीज भरून यायला हजारो पिढ्या लागतात.

मग ते ८९१ झाले कसे? संरक्षण मिळाले, भक्ष्य वाढले, म्हणून. एका पिढीपुरत्या अरुंद गळ्याने सरासरी विविधता फारशी घटत नाही, हेही खरे. दहाच जनावरे उरली तरी त्या एका पिढीत पाचच टक्के जाते. जातात त्या दुर्मीळ प्रती: शंभरात एक आढळणारी प्रत त्या दहांपैकी कोणाकडेच नसण्याची शक्यता ८० टक्क्यांहून अधिक असते. आणि नवा विषाणू आला की नेमकी कोणती प्रत उपयोगी पडेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. २०१८ साली गीरमध्ये कुत्र्यांना होणाऱ्या कॅनाइन डिस्टेंपर रोगाचा विषाणू आला आणि काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. कमी विविधतेमुळेच ते मेले, असे मी म्हणणार नाही. सेरेंगेटीतही १९९४ साली याच विषाणूने सुमारे एक तृतीयांश सिंह नेले. फरक इतकाच, की आशियाई सिंहांचा दुसरा मुक्त समूह जगात कुठेच नाही.

‘बाहेरचे रक्त’ या शब्दांवर मी वेळ घालवणार नाही. मेहुण्याला मात्र फोनवर एवढेच सांगितले, की सध्याच्या बोकडापासून झालेल्या पाठी, म्हणजे मादी करडे, माजावर येण्याआधी तो बोकड बदल, नवा बोकड नात्यात नसलेल्या कळपातून घे, आणि शेळ्या गाभण न राहता वारंवार उलटत असतील किंवा करडे कमी वजनाची होत असतील तर त्याची वहीत नोंद ठेव. वही घेतली आहे, असे त्याने सांगितले. बोकडाचे अजून ठरलेले नाही.