एनएमएमएसच्या संदेशातली चुकीची ‘किंवा’

“आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस! उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला 55 टक्के, किंवा एससी/एसटी, एवढं असलं की झालं. एससी/एसटीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ओबीसीलाही मार्कांत सूट. शिष्यवृत्ती पक्की, वर्षाला 12 हजार. सोबतच्या एक्सेलमध्ये तपासा.”

केंद्र सरकारच्या एनएमएमएस शिष्यवृत्तीबद्दलचा हा संदेश फिरत फिरत शहाद्याजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीपर्यंत गेला. तिच्या शेजारच्या पावरा कुटुंबातली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत आहे. वडील मजुरी करतात, घरचं उत्पन्न लाख-सव्वा लाख, मुलीला सातवीत 52 टक्के. बहिणीचा फोन आला: “मंग दाखला काढना पडस का नही?” काढावाच लागतो, आणि तो लागत नाही असं लिहिणाऱ्याचा मला मनापासून राग आला आहे. या मुलीचा हक्क पुरेपूर आहे. तो जाईल तर फक्त या एका ओळीमुळे, कारण तलाठ्याकडून तहसीलपर्यंतचे हेलपाटे मजुरी बुडवून मारायचे असतात आणि गरज नाही म्हटल्यावर कोण जाईल?

घोळ झालाय तो ‘किंवा’च्या जागेत. सोबतच्या एक्सेलमध्ये हे सूत्र निघालं:

```
=OR(AND(B2<=350000,C2>=55),D2="SC",D2="ST")
```

B म्हणजे पालकांचं वार्षिक उत्पन्न, C सातवीचे टक्के, D प्रवर्ग. इथे OR सगळ्यात बाहेर बसलाय. त्यामुळे D मध्ये ST दिसलं की उत्पन्न आणि मार्क दोन्हीकडे सूत्र बघतच नाही. सहा लाख पगार घेणाऱ्या एसटी शिक्षकाचा मुलगाही पात्र, आणि सातवीत 41 टक्के मिळालेलाही पात्र. प्रत्यक्षात दोघेही बसत नाहीत.

केंद्र सरकारच्या योजनेच्या मार्गदर्शक सूचना स्वच्छ आहेत. पालकांचं सर्व मार्गांनी मिळून उत्पन्न साडेतीन लाखांहून जास्त नसावं, ही अट प्रत्येकाला. सातवीत किमान 55 टक्के हवेत, आणि एससी/एसटीला त्यात 5 टक्क्यांची सूट. म्हणजे प्रवर्ग मार्कांची पायरी 50 वर आणतो, उत्पन्नाची अट काढत नाही. ‘किंवा’ आहे, एवढं मी मान्य करतो, पण ती मार्कांच्या कंसाच्या आत आहे:

```
=AND(B2<=350000,OR(C2>=55,AND(C2>=50,OR(D2="SC",D2="ST"))))
```

आता शेजारच्या मुलीचे आकडे घाला: 1,20,000, 52, ST. उत्पन्न बसतं. 55 नाहीत, पण 50 च्या वर आहेत आणि प्रवर्ग ST आहे, म्हणून आतला OR खरा. बाहेरचा ANDही खरा, मुलगी पात्र. जुन्या सूत्रातही ती पात्रच दिसते, आणि म्हणूनच चूक कोणाच्या लक्षात आली नाही. उत्तर बरोबर, पण कारण चुकीचं. आणि त्या चुकीच्या कारणावरूनच ‘दाखला नको’ हे वाक्य निघालं. सूत्र तपासायचं तर उत्पन्नात 6,00,000 टाकून बघा. जुनं तरीही हो म्हणतं, नवं नाही म्हणतं.

ओबीसीची सूट या योजनेच्या मार्कांच्या अटीत नाही. 53 टक्के असलेला ओबीसी मुलगा, उत्पन्न नव्वद हजार असलं तरी, इथे अडतो. मला हे पटत नाही, पण नियम तसा आहे आणि खोटी आशा लावून तो बदलत नाही.

‘पक्की’ हाही तसाच वावदूकपणा. वरच्या अटी फक्त परीक्षेला बसण्याच्या आहेत. पुण्याची राज्य परीक्षा परिषद परीक्षा घेते, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, आणि निवड गुणवत्तेनुसार होते. निवडीत राज्याचं आरक्षण चालतं, पण ती पुढची गोष्ट.

संदेशात एक अट मुळातच नाही, ती शाळेची. मुलगा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवा. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय यांतले चालत नाहीत, आणि सरकारी खर्चाने राहणं-जेवण-शिक्षण मिळतं अशा निवासी शाळेतलेही नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या शासकीय आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांच्या आईबापांना हे आधीच सांगायला हवं होतं. सूत्रात हा आणखी एक AND, सगळ्यात बाहेर, प्रवर्ग कुठलाही असो.

मिळाल्यावरही दहावीत 60 टक्के लागतात, एससी/एसटीला 55, तरच अकरावीला पैसे सुरू राहतात.