‘५०-५० लिहिलं की संपलं’ या प्रतिक्रियेला उत्तर

*“सर, कॉलेज आणि संस्था यांच्यातला संयुक्त संशोधनाचा करारनामा समतोल करायचा म्हणून तुम्ही उगाच किस काढताय. ‘बौद्धिक संपदा संयुक्त, ५०-५० टक्के’ एवढं लिहिलं की संपलं. आणि पैसा ज्याचा त्याचं पारडं जड असणारच, त्यात अन्याय काय?”*

दुसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे. पैसा घालणाऱ्याने जास्त वाटा मागावा, फक्त तो आकड्यात आणि उघड लिहावा. माझं भांडण त्या ५०-५० शी आहे.

पेटंट कायदा, १९७० चं कलम ५० काढून बघा. करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर प्रत्येक सहमालक शोध स्वतःच्या फायद्यासाठी वापरू शकतो आणि त्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही. पण तिसऱ्याला परवाना द्यायचा किंवा आपला हिस्सा विकायचा, तर दुसऱ्याची संमती लागते.

आता मी ज्या मसुद्यावर काम केलं, तो बघा. एका बाजूला नागपुरातलं अभियांत्रिकी कॉलेज, दुसऱ्या बाजूला शेती-अवजारांचा स्वतःचा कारखाना असलेली संस्था. काम संत्र्याच्या प्रतवारीच्या यंत्राचं. मसुद्यात तुमचंच वाक्य होतं. पेटंट मिळालं की संस्था दुसऱ्या दिवसापासून यंत्रं बनवून विकू शकते, कॉलेजला एक पैसा न देता. कॉलेजकडे ना वर्कशॉप, ना विक्री. काटोलच्या एखाद्या उत्पादकाला परवाना द्यायचा म्हटला तर संस्थेची सही हवी, आणि ती स्वतःच्या स्पर्धकासाठी सही कशाला करेल?

म्हणून ते एक वाक्य मोडून आम्ही असं लिहिलं: “करारापूर्वी ज्याचं जे होतं ते त्याचंच राहील (कॉलेजचा प्रतिमा ओळखण्याचा प्रोग्राम, संस्थेची पट्ट्याची रचना; यादी परिशिष्टात). प्रकल्पातला शोध ज्या पक्षाच्या माणसांनी लावला त्या पक्षाचा, दोन्ही पक्षांनी मिळून लावला तर संयुक्त. संयुक्त शोध कोणत्याही पक्षाने स्वतः वापरला किंवा परवान्याने दिला, तरी निव्वळ उत्पन्न ठरलेल्या प्रमाणात वाटलं जाईल. परवान्याची विनंती लेखी केल्यावर ३० दिवसांत सकारण नकार आला नाही, तर संमती दिली असं धरलं जाईल.” प्रमाण इथे ६०-४० ठरलं, संस्थेच्या बाजूने. कुणीही कुरकुर केली नाही.

एक गोष्ट कॉलेजवाले हमखास विसरतात. विद्यार्थी हा कॉलेजचा नोकर नसतो, त्यामुळे त्याने लावलेला शोध आपोआप कॉलेजचा होत नाही. त्याच्याकडून लेखी हस्तांतरण घेतलेलं नसेल, तर कॉलेज जे आपलं नाही तेच करारात देऊन बसतं. पेटंट अर्जाच्या आधीच पोराने परिषदेत पेपर वाचला, तर पेटंटसाठी लागणारं नावीन्यच धोक्यात येतं. म्हणून पेपर पाठवण्यापूर्वी दुसऱ्या पक्षाला तो ३० दिवस बघायला द्यायचा आणि तेवढ्यात अर्ज करायचा, ही अट दोघांनाही सारखी घातली.

जबाबदाऱ्या कुणाकडे किती झुकल्यात, हे ओळखायची माझी एक साधी युक्ती आहे: दोन्ही पक्षांची नावं अदलाबदल करून कलम वाचा. मूळ मसुद्यात होतं, “कॉलेजने दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत अहवाल सादर करणे बंधनकारक राहील” आणि “संस्था निधीच्या उपलब्धतेनुसार सहकार्य करेल.” नावं फिरवली की संस्थेचे अधिकारी स्वतःच हसले. एकाला तारीख, दुसऱ्याला ‘उपलब्धतेनुसार’! नवीन कलमात पहिला हप्ता सहीपासून ३० दिवसांत, अहवाल हप्ता जमा झाल्यापासून दर तिमाहीला, आणि हप्ता लांबला तर अहवालाची मुदतही तेवढीच पुढे. ‘सहकार्य करेल’ हे शब्द मी खोडूनच टाकतो. मोजता येत नाही अशा शब्दांवर उद्या दावा काय करणार?

मुदतीचं तर विचारूच नका. करार ३ वर्षांचा, पण “संस्थेला कोणतंही कारण न देता करार समाप्त करता येईल” असं एकाच पक्षासाठी. आम्ही दोघांनाही ९० दिवसांच्या लेखी नोटिशीची अट घातली आणि एक जोड दिली: नोटीस आली तरी सुरू असलेला एम.टेक. प्रबंध पूर्ण होईपर्यंत उपकरणं आणि माहिती उपलब्ध राहील. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, करार ३ वर्षांत संपतो. मग चौथ्या वर्षी रॉयल्टीचं काय? मालकी, उत्पन्नवाटप आणि गोपनीयता ही कलमं करार संपल्यावरही लागू राहतील, हे त्यासाठी स्वतंत्र लिहावं लागतं. गोपनीयतेला मात्र वेगळी मुदत घाला, आम्ही ५ वर्षं घातली. नाहीतर प्राध्यापकाला त्या विषयावर पुढे एक ओळही लिहिता येणार नाही, आणि तुमच्या ५०-५० च्या वाक्यात त्याला सुटायची कुठलीच वाट नाही.